उधार विक्रीतील सूट व जीएसटी

व्यापारी सूट बिलातच वजा होते आणि पुस्तकात तिचे वेगळे खाते उघडत नाही. रोख सूट मात्र ग्राहकाने मुदतीत पैसे दिले तरच मिळते. म्हणून कराचा आधार व्यापारी सुटीनंतरची रक्कम असतो.

समजा, पुण्यातील विक्रेत्याने महाराष्ट्रातल्याच ग्राहकाला 10,000 रुपयांचा माल 10 टक्के व्यापारी सुटीने उधार विकला. करपात्र मूल्य 9,000 रुपये. 18 टक्के दराने केंद्राचा व राज्याचा जीएसटी प्रत्येकी 810 रुपये. रोजकीर्दीत ग्राहक 10,620 रुपयांनी नावे पडतो. विक्री 9,000 आणि दोन्ही कर जमा होतात.

दहा दिवसांत पैसे दिल्यास 9,000 रुपयांवर 2 टक्के रोख सूट ठरली होती. ग्राहकाने 10,440 रुपये दिले, की बँक 10,440 व दिलेली सूट 180 रुपये नावे, ग्राहक 10,620 रुपये जमा. कर 1,620 रुपयेच राहतो. नवशिके हमखास 8,820 रुपयांवर कर काढतात. सूट मिळेलच असे गृहीत धरल्याची ही खूण. नंतर दिलेल्या सुटीवरचा कर कमी करायचा, तर कायद्यातील अटी पाळून क्रेडिट नोट काढावी लागते आणि ग्राहकालाही तेवढा इनपुट क्रेडिट परत फिरवावा लागतो.