सहपत्र-क्रमांकन

अहवालाला किंवा दाव्याला जोडलेल्या छायाचित्रांना, नोंदवहीच्या उताऱ्यांना व पावत्यांना क्रमांक देऊन मजकुरात त्याच क्रमांकाने त्यांचा उल्लेख करण्याची पद्धत. क्रम ठरतो तो कागद हाती कधी आला यावरून नव्हे, तर मजकुरात त्याचा पहिला उल्लेख कुठे येतो यावरून.

समजा, मासेमारी नौकेचे इंजिन बंद पडल्याचा विमादावा आहे. लॉगबुकातील त्या दिवसाचे पान सहपत्र १, फुटलेल्या पंपाची छायाचित्रे २-अ व २-आ, दुरुस्तीची पावती ३. ‘सोबतचा फोटो पाहावा’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘पंपाला तडा गेलेला दिसतो (सहपत्र २-आ)’ असे लिहावे.

घोळ होतो तो उशिरा सापडलेल्या कागदामुळे. टोइंगची पावती मध्येच ३ म्हणून घातली, की दुरुस्तीची पावती ४ होते. मजकुरात मात्र ३ तसाच राहतो आणि दुरुस्तीच्या रकमेपुढे टोइंगचे बिल निघते. प्रती वाटून झाल्या असतील तर नव्या पावतीला शेवटचा, म्हणजे ४ हा क्रमांक देणेच बरे, क्रम थोडा बिघडला तरी.

तपासणी दोन्ही बाजूंनी करतात: मजकुरातल्या प्रत्येक क्रमांकाचा कागद आहे का, आणि प्रत्येक कागदाचा मजकुरात उल्लेख आहे का. न्यायालय दस्तऐवजावर घालते ती ‘निशाणी’ वेगळी असते.