निबंधाखालचा अभिप्राय : ‘सत्यकथा’ ते किल्लारी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरातील गावे भूकंपात कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर या भागातल्या विद्यार्थ्याने कवितेवर काहीही लिहिले, तरी वाचणाऱ्या शिक्षकाच्या मनात निबंधाआधी भूकंप उभा राहणे स्वाभाविक होते. मग निबंधाखाली ‘हृदयस्पर्शी’ हा शब्द उमटतो. तो शब्द विद्यार्थ्याच्या दुःखाला मान देतो, पण त्याच्या वाचनाबद्दल काहीच सांगत नाही. अभिप्रायाचा इतिहास पाहताना ही अडचण ध्यानात ठेवावी लागते.

आपल्याकडे लेखनावरच्या सविस्तर अभिप्रायाची परंपरा वर्गापेक्षा संपादकाच्या टेबलावर अधिक घडली. ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखित बारकाईने वाचत, लेखकाला पत्राने कळवत आणि पुनर्लेखन सुचवत. साहित्यकृतीतली नेमकी जागा दाखवून बोलण्याची सवय मराठीत रुजली, तिचे बरेचसे श्रेय या पत्रव्यवहाराला द्यावे लागेल. मात्र वाचणाऱ्याची अभिरुची लिहिणाऱ्यावर स्वार होते, ही तक्रारही त्यातूनच उभी राहिली. १९६९ साली लघुअनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, त्यामागे हा रागही होता. सूचना कितीही जाणती असली, तरी लेखन कोणाचे राहते, हा प्रश्न तेव्हापासून टाळता येत नाही.

वर्गातल्या अभिप्रायाची चिकित्सा अमेरिकेत नॅन्सी सॉमर्स यांनी १९८२ साली प्रसिद्ध केली. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन विद्यापीठांतील पस्तीस शिक्षकांचे शेरे तपासले. दोन गोष्टी आढळल्या. एक, बहुतेक शेरे रबरी शिक्क्यासारखे होते. एका निबंधावरून उचलून दुसऱ्यावर लावले तरी चालले असते. दुसरी अधिक गंभीर होती. एकाच परिच्छेदात शिक्षक वाक्यातल्या चुका दुरुस्त करायला सांगत आणि समासात तोच विचार नव्याने मांडायला सांगत. जो परिच्छेद कदाचित उरणारच नाही, त्याचे शुद्धलेखन विद्यार्थ्याने का सुधारावे? बहुतेक विद्यार्थी मग सोपे काम निवडतात आणि अनुस्वार दुरुस्त करून मोकळे होतात.

आता एक कल्पित निबंध घेऊ. किल्लारीची एक विद्यार्थिनी आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या सहा ओव्यांवर लिहिते. पहिले पान भूकंपाचे आहे. दुसऱ्या पानावर ती नोंदवते की चार ओव्यांत भाऊ ‘तो’ आहे, जात्याला मात्र ‘तू’ म्हटले आहे. शेवटी ‘सर्व ओव्या दुःखाच्याच आहेत’ असा निष्कर्ष येतो. यावर नेहमीचा शेरा असा पडेल : ‘अनुभव हृदयस्पर्शी. संदर्भ वाढव. शुद्धलेखन पाहा. निष्कर्ष स्पष्ट कर.’

त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘दुसऱ्या पानावर तू दाखवलेस की दूरच्या भावाबद्दल बोलणारी बाई समोरच्या जात्याशी थेट बोलते. सर्वनामांकडे लक्ष दिल्यामुळे तुला तिचे एकटेपण ओवीच्या रचनेतच सापडले. आता एकच काम कर. उरलेल्या दोन ओव्यांत तिने भावालाच हाक मारली आहे. त्या शेजारी ठेवून, तुझा निष्कर्ष टिकतो की बदलतो, ते एका परिच्छेदात लिही.’

या अभिप्रायात कौतुक भूकंपाचे नाही, सर्वनामांच्या निरीक्षणाचे आहे. म्हणून ती पुढच्या कवितेतही तसे पाहील. ‘सापडले’ यापाशी कारण दिले आहे, त्यामुळे स्तुती नुसती शाबासकी राहत नाही. आणि पुढचे पाऊल तिच्याच लेखनातल्या फटीतून निघाले आहे. त्या दोन ओव्यांचा अर्थ शिक्षकाने सांगितलेला नाही. सांगितला असता, तर परिच्छेद तिच्या हस्ताक्षरात पण शिक्षकाचा झाला असता; ‘सत्यकथे’वरचा जुना आक्षेप इथेही लागू पडला असता. शुद्धलेखन विसरायचे नाही, पण ते निष्कर्ष ठरल्यावर.

लिहिलेला अभिप्राय पारखायला दोन प्रश्न पुरतात. हा शेरा शेजारच्या निबंधावर चालेल का? चालत असेल तर तो पुन्हा लिहावा. आणि विद्यार्थिनीला आज संध्याकाळी नेमके काय करायचे ते कळेल का?

एक मर्यादा उरते. वार्षिक परीक्षेची उत्तरपत्रिका पुनर्लेखनासाठी परत येत नाही. तिथे पुढचे पाऊल टाकायला जागाच नसते. म्हणून असा अभिप्राय गुण देण्याआधीच्या कच्च्या खर्ड्यावर लिहिला तरच उपयोगी पडतो. भूकंपाच्या पहिल्या पानाचे काय करायचे, हे त्या खर्ड्यानंतर तिचे तिलाच ठरवू द्यावे.