कवठ्याचा टँकर आणि पंधरा हजारांची लढाई

मागच्या महिन्यात आपल्या मंगळवेढ्याच्या एका गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब चालला होता. एक ताई गप्प बसून होत्या. त्यांच्या जावेला उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागला आणि त्यात ती गेली. गावात सगळे म्हणत होते, "तीच मधे आली, चूक तिचीच. आता कुणाकडं मागणार?" त्या ताईंनी मला विचारलं, "खरंच काही मिळत नाही का हो?"

मी त्यांना एक जुनी गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते. ही गोष्ट आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात घडली आणि थेट दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली.

२९ ऑक्टोबर १९८७ ची पहाट. पुणे-बेंगळुरू महामार्गावर कवठे गावाजवळ तीनच्या सुमारास पेट्रोलचा टँकर आणि समोरून येणारा ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्यापासून वीसेक फुटांवर जाऊन आडवा झाला. त्यातलं पेट्रोल गळून आजूबाजूला साचू लागलं. उजाडलं तशी टँकरभोवती माणसं जमली. सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला आणि आगीचा लोळ उठला. जमलेल्यांपैकी बरेच जण भाजले, काही दगावले. त्यात एका आईचा मुलगा होता.

त्या आईने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला. मोठ्या दाव्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, पण त्याआधी कायद्याने ठरलेले पंधरा हजार रुपये तरी द्या, अशी तिची मागणी होती. हे पंधरा हजार आले कुठून, ते कळण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे मोटारींचा पहिला मोठा कायदा १९३९ साली झाला. त्यात एक प्रकरण विम्याचं होतं, ते १ जुलै १९४६ पासून लागू झालं. तेव्हापासून रस्त्यावर गाडी आणायची तर तिऱ्हाईताचा विमा, म्हणजे थर्ड पार्टी विमा, काढावाच लागतो. यात पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा पक्ष विमा कंपनी, आणि तिसरा म्हणजे त्या दोघांशी काही देणंघेणं नसलेला, रस्त्याने जाणारा माणूस. तुम्ही, मी, डोक्यावर भारा घेऊन कडेने चालणारी बाई. हप्ता मालक भरतो, पण हा विमा असतो आपल्यासाठी. कारण कोर्टाने मालकाला लाखो रुपये द्यायला सांगितले आणि त्याच्याकडे एक गाडी सोडून काहीच नसलं, तर त्या हुकमाचा कागद घेऊन आपण काय करणार? कंपनी मधे असली की पैसे खरोखर हातात पडतात.

पुढे १९५६ मध्ये कायदा बदलला आणि या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं नेमायची सोय झाली. पण एक अडचण राहिलीच. पैसे हवेत तर ड्रायव्हरची चूक होती हे सिद्ध करा. मुंबईतल्या एका अपघाताच्या खटल्यात उच्च न्यायालयाने म्हटलं होतं की चूक सिद्ध करायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ते मान्य केलं नाही. कायद्यात तसं लिहिलेलं नाही, चूक दाखवावीच लागेल, असं ते म्हणालं.

आता विचार करा. रात्रीचा अपघात, साक्षीदार नाही, ज्याला माहीत होतं तोच मेलेला. घरात राहिलेली विधवा बाई कुणाची चूक कशी दाखवणार? म्हणून १ ऑक्टोबर १९८२ पासून कायद्यात नवीन कलम आलं. मृत्यू झाला तर पंधरा हजार आणि कायमचं अपंगत्व आलं तर साडेसात हजार, चूक कुणाची हे न विचारता द्यायचे. मेलेल्या माणसाची चूक असली तरी द्यायचे. याला 'नो फॉल्ट', म्हणजे चूक न पाहता द्यायची भरपाई म्हणतात. ही रक्कम आधी मिळायची आणि मोठ्या दाव्याचा निकाल लागला की त्यातून वजा व्हायची. घरातली चूल पेटती राहावी म्हणून ती आगाऊ होती.

कवठ्याच्या आईने मागितले ते हेच पंधरा हजार. आणि न्यायाधिकरणाने तिला नाही म्हटलं.

का? तर अपघात पहाटे तीनला झाला आणि संपला. स्फोट चार तासांनी झाला, तो वेगळाच प्रकार, पेट्रोल न्यायला आलेल्या लोकांमुळे झालेला. आडवा पडलेला टँकर काही 'वापरात' नव्हता, मग गाडीच्या वापरातून हा मृत्यू झाला असं कसं म्हणायचं? गावात आपण म्हणतो ना, "कशाला गेला तिकडे मरायला?" तेच कायद्याच्या भाषेत म्हटलं गेलं.

ती आई उच्च न्यायालयात गेली. तिथे एका न्यायाधीशांनी तिच्या बाजूने निकाल दिला. टँकरचा मालक आणि विमा कंपनी यांनी त्यावर अपील केलं, ते फेटाळलं गेलं. मग ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १७ जुलै १९९१ रोजी तिथेही ते हरले.

सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी समजावून सांगितल्या. पहिली, गाडी 'वापरात' असणं म्हणजे चाकं फिरत असणं एवढंच नव्हे. गाडी बिघडून किंवा अपघात होऊन रस्त्यालगत पडली असेल, तरी ती वापरातच आहे. दुसरी, कायदा 'वापरामुळे झालेला' एवढंच म्हणत नाही, 'वापरातून उद्भवलेला' म्हणतो, आणि हा शब्द जास्त रुंद आहे. टक्कर झाली म्हणून टँकर उलटला, उलटला म्हणून पेट्रोल गळलं, गळलं म्हणून आग लागली. मधे चार तास गेले तरी साखळी तुटत नाही. शिवाय हे कलम गरजू माणसाला लवकर पैसे मिळावेत म्हणून केलेलं आहे, तर त्याचा अर्थही तसाच लावायचा.

हा निकाल आजही कोर्टात दाखवला जातो. आपल्या रस्त्यांवर तो फार कामाचा आहे. पंक्चर झालेली ट्रॉली रात्री दिव्याशिवाय रस्त्यात उभी असते आणि मोटारसायकल तिच्यावर जाऊन आदळते. तेव्हा ट्रॉलीवाला म्हणतो, "माझी गाडी तर उभीच होती." उभी असली तरी ती वापरातच आहे, हे त्या आईने मिळवून दिलेलं उत्तर आहे. मात्र पंधरा हजारांचा हा प्रश्न मिटायला जवळजवळ पावणेचार वर्षं लागली, हेही लक्षात ठेवा.

पुढे १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून आला. त्यात मृत्यूसाठी पंचवीस हजार झाले आणि १९९४ मध्ये पन्नास हजार. २०१९ च्या दुरुस्तीने हे जुनं प्रकरणच काढून टाकलं. १ एप्रिल २०२२ पासून चूक न पाहता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख अशी रक्कम ठरली.

आकडा वाढला, पण इथे एक मेख आहे. पूर्वीची रक्कम आगाऊ होती, मोठा दावा चालू राहायचा. आता विमा कंपनीने तडजोडीत देऊ केलेले हे पाच लाख तुम्ही स्वीकारले, तर चुकीच्या आधारावर केलेला मोठा दावा तिथेच संपतो. म्हणून सही करण्याआधी हिशेब करा.

समजा, ३५ वर्षांची बाई महिना ९,००० रुपये मजुरी मिळवत होती. वर्षाचे झाले १,०८,०००. तिची मिळकत पुढे वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवतात, होतात १,५१,२००. नवरा, दोन मुलं आणि सासू असे चार जण तिच्यावर अवलंबून असतील, तर तिच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करतात. उरतात १,१३,४००. या वयाला १६ ने गुणतात. रक्कम होते १८,१४,४००. ड्रायव्हरची चूक सिद्ध झाली तर एवढं मिळू शकतं. निम्मी चूक तिची ठरली तरी नऊ लाखांच्या वर होतात. उलट, चूक पूर्णपणे तिची असेल किंवा काहीच पुरावा नसेल, तर पाच लाखच बरे. म्हणून आधी वकिलाला पंचनामा दाखवा, मग ठरवा.

या विम्याला मर्यादाही आहे. ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा मालाच्या टेम्पोत बसून आपण खुरपणीला जातो, वारीला जातो. ट्रॉली उलटली तर त्यात बसलेल्या बायका या विम्यात बहुधा येत नाहीत, कारण ती माणसं नेण्याची गाडी नाही. रस्त्याने चालणारी बाई तिऱ्हाईत आहे, ट्रॉलीत बसलेली बहुधा नाही. मग दावा उरतो तो मालकावर, आणि मालकाकडे काही नसलं तर हात रिकामेच. ड्रायव्हरकडे लायसन्स नसेल तेव्हा मात्र घाबरू नका. अशा वेळी कोर्ट बहुतेकदा कंपनीला सांगतं, की तिऱ्हाईताला आधी पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा.

गाडी ठोकून पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार सरकारी योजनेतून मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा असतो.

गाडी माहीत असेल तर पाच कागद जपा: एफ.आय.आर.ची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, पोस्टमॉर्टेमचा किंवा दुखापतीचा दाखला, गाडीचं आर.सी. बुक आणि विम्याचा कागद. शेवटचे दोन पोलिसांकडच्या कागदांत मिळतात. गाडीचा नंबर त्याच दिवशी कुणाकडून तरी लिहून घ्या. दावा आपण राहतो त्या भागाच्या न्यायाधिकरणातही करता येतो, अपघात जिथे झाला तिथेच जायला पाहिजे असं नाही. पण आताच्या कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे. दिवस, तेरावं, वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू, असं म्हणू नका.

आमच्या त्या ताईंच्या जावेला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात पंचनाम्याची प्रत मागायला गेलो. ती वाचली, तर त्यात लिहिलं होतं की ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. "चूक तिचीच" असं चार महिने सगळे म्हणत होते, आणि तो कागद तोवर कुणी वाचलाच नव्हता.