ताप शरीर स्वतःच वाढवतं, मग १०४ डिग्रीला घाबरायचं कधी?

मे महिना. करमाळ्यात दुपारचा पारा चाळिशीच्या पुढे. अशा दिवसांत दोन माणसांच्या काखेत थर्मामीटर लावला आणि दोघांचाही आकडा १०४ आला, तर दोघांना एकच आजार आहे असं वाटू शकतं. पण एकाला फ्लू झालाय आणि दुसरा सकाळपासून रानात उन्हात राबत होता. आकडा सारखा असला तरी पहिल्याच्या शरीराने तापमान मुद्दाम वाढवलंय आणि दुसऱ्याच्या शरीराचा तापमानावरचा ताबा सुटलाय. हा फरक कळला की तापाचं निम्मं कोडं सुटतं.

आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग असतो. गिझरच्या थर्मोस्टॅटसारखं काम तो करतो आणि शरीराचं तापमान साधारण ९८-९९ डिग्रीच्या आसपास ठेवतो. जंतू शरीरात शिरले की रोगप्रतिकारक पेशी काही रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि थर्मोस्टॅटचा काटा वर सरकतो, समजा १०२ वर.

आता मेंदूच्या हिशेबाने ९९ म्हणजे 'गार' झालं. म्हणून तर भर मे महिन्यातही हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात आणि माणूस गोधडी मागतो. थरथरून स्नायू उष्णता तयार करतात आणि तापमान १०२ ला पोहोचतं. पुढे काटा खाली आला की दरदरून घाम फुटतो. 'घाम आला, ताप उतरला' असं घरातली मोठी माणसं म्हणतात. खरं तर काटा आधी उतरतो, घाम त्यानंतर येतो.

पण शरीर हा खटाटोप करतं कशाला? याचं सगळ्यात छान उत्तर सरड्यांनी दिलंय. १९७५ साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांना जिवाणूंचा संसर्ग घडवला आणि त्यांना वेगवेगळ्या तापमानात ठेवलं. सरडा स्वतःचं अंग आतून तापवू शकत नाही, तो ऊबदार जागा शोधतो. या प्रयोगात ती निवड शास्त्रज्ञांनी त्याच्या हातात ठेवली नाही. ३४ अंश सेल्सिअसला ठेवलेले बहुतेक सरडे मेले, ४२ अंशांतले बहुतेक जगले. वाढलेल्या तापमानात अनेक जंतूंची वाढ मंदावते आणि पांढऱ्या पेशी जास्त चपळपणे काम करतात.

अर्थात हे फुकट होत नाही. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की शरीराचा ऊर्जाखर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो आणि हृदयाचे ठोकेही वाढतात. धडधाकट माणूस हे सोसतो, हृदयविकार असलेल्याला किंवा वयस्कर माणसाला ते जड जातं. पॅरासिटामॉल थर्मोस्टॅटचा काटा खाली आणतं, जंतू मारत नाही. त्यामुळे अंग खूप दुखत असेल, पाणीही पोटात जात नसेल तर गोळी घ्यावी. पण १००.५ दिसलं म्हणून लगेच गोळी घ्यायची गरज नसते.

आता रानातल्या त्या दुसऱ्या माणसाकडे येऊ. त्याचा काटा ९८ वरच आहे, फक्त बाहेरच्या उष्णतेपुढे घामाची यंत्रणा हरली आहे. हा उष्माघात. तो असंबद्ध बोलू लागतो, चालताना तोल जातो, कधी शुद्ध हरपते. संसर्गाचा ताप सहसा १०६ च्या आत थांबतो, कारण मेंदूच त्याला लगाम घालतो. इथे लगामच नाही. पॅरासिटामॉलचा इथे काही उपयोग नाही, कारण काटा मुळात वर गेलेलाच नाही. त्याला सावलीत न्यायचं, अंगावर पाणी ओतून जोरात वारा घालायचा, मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवायचा आणि १०८ ला फोन करायचा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

संसर्गाच्या तापातही आकड्यापेक्षा माणसाकडे बघणं जास्त कामाचं. १०३ ताप असूनही खेळणारं मूल हे १०१ तापात मलूल पडलेल्या, लघवी कमी झालेल्या मुलापेक्षा बरं. याला एक मोठा अपवाद आहे. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर १००.४ देखील तातडीने दवाखान्यात नेण्याइतका ताप आहे. मान आखडणं, धाप लागणं, गुंगी, पाच मिनिटांहून लांबलेली आकडी, यातलं काहीही दिसलं तर कोणत्याही वयात थांबायचं नाही.

पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यू लोकांना चकवतो तो याच आकड्याच्या नादात. त्याचा ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो, घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि नेमके त्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळू शकतो. ताप उतरल्यावर पोटात सतत दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा हातपाय गार पडत असतील तर थर्मामीटर ९८ दाखवत असला तरी रुग्णाला लगेच रुग्णालयात न्या. आणि डेंग्यूची शंका असताना तापासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.