तळटीप: जास्तीच्या शून्यांची दोन प्रतिमाने

* मोजणीत शून्ये फार दिसली, की ती आली कुठून हे आधी विचारावे लागते. अमेरिकेत मेडिकेअर योजनेतल्या, ६६ वर्षे व त्यापुढच्या ४,४०६ जणांच्या पाहणीत ६८३ जण डॉक्टरांकडे एकदाही गेलेले नव्हते. साध्या प्वासाँ प्रतिमानाच्या हिशेबाने असे जेमतेम ४७ जण निघायला हवे होते.

हर्डल प्रतिमान ही आकडेवारी दोन टप्प्यांत वाचते. माणूस दवाखान्याची पायरी चढला की नाही, हा पहिला टप्पा. चढला असेल तर किती वेळा, हे दुसरा टप्पा एकपासून पुढे मोजतो. सगळी शून्ये पहिल्याच टप्प्यात येतात, म्हणून त्याचा अंदाजही नेमका ६८३ भरतो. पहिली भेट रुग्ण ठरवतो, पुढच्या बऱ्याचशा डॉक्टर. त्यामुळे ही मांडणी इथे पटते.

झिरो-इन्फ्लेटेड प्रतिमानात शून्य दोन वाटांनी येते. डायान लँबर्ट यांनी १९९२ मध्ये सर्किट बोर्डांवरील सोल्डरिंगच्या दोषांसाठी ते मांडले. यंत्रणा नीट जुळलेली असताना दोष जवळजवळ पडतच नाहीत. जुळणी बिघडल्यावरही एखादा बोर्ड योगायोगाने निर्दोष निघतो. कोणता बोर्ड कशामुळे निर्दोष, हे नुसते पाहून कळत नाही. प्रतिमान फक्त त्याची संभाव्यता सांगते.

मात्र त्याआधी निगेटिव्ह बायनॉमियल लावून पाहावे. वरच्याच पाहणीत त्याने ६०८ शून्ये दिली. म्हणजे बरीचशी तफावत माणसामाणसांतल्या फरकातूनच आलेली असू शकते. उलट, शून्ये अपेक्षेपेक्षा कमी असतील तर या दोहोंपैकी हर्डलच कामी येते. — संपादक