तगरच्या अकरा मुद्द्यांचे गुण

तेरचा इतिहास आमच्या मुलांना पाठ असतो. प्राचीन तगर म्हणजे आजचे तेर, तेरणेचा काठ, त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर, लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली, हे सारे त्यांना झोपेतही सांगता येते. गेल्या वर्षी मी त्यांना बारा गुणांचा प्रश्न घातला : ‘तगरच्या भरभराटीचे मुख्य कारण रोमशी असलेला व्यापार हेच होते, हे मत तुम्हाला पटते का?’ उत्तरे तपासताना मुद्द्यामागे एक गुण ही जुनी सवय बाजूला ठेवून मी स्तरनिहाय गुणदान केले.

ही पद्धत इंग्लंडची. तिथे १९७२ साली सुरू झालेल्या शालेय इतिहास प्रकल्पाने पाठांतरापेक्षा पुरावा आणि कारणमीमांसेवर भर दिला. १९८८ पासून जीसीएसई परीक्षा होऊ लागल्या आणि स्तरांची तपासणी तिथे रुळली. मी चार स्तर ठेवले. नुसती विधाने किंवा मोघम माहिती असेल तर १ ते ३ गुण. प्रश्नाशी संबंधित वर्णन असेल तर ४ ते ६. कारणातून परिणाम कसा घडला हे उलगडले असेल तर ७ ते ९. आणि कारणे तोलून सकारण निवाडा दिला असेल तर १० ते १२. तपासताना मुद्द्यांवर बरोबरच्या खुणा करायच्या नाहीत. आधी पूर्ण उत्तर वाचून स्तर ठरवायचा, मग माहिती किती अचूक आणि पुरेशी आहे ते पाहून त्या स्तरातला आकडा द्यायचा.

पहिलीच उत्तरपत्रिका वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीची होती. अकरा मुद्दे, एकही चुकीचा नाही. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितले आहे, तिथले कापड गाड्यांतून भडोच बंदरात जाई, बाहुलीसारखी मूर्ती पाँपेईत १९३८ साली सापडली, असे सारे होते. गोरोबाकाकाही होते, पण ते तेराव्या शतकातले, या प्रश्नात त्यांचे काम नव्हते. हे वर्णन दुसऱ्या स्तराचे. मी सहा गुण दिले.

“सर, माझं एकही वाक्य चुकलेलं नाही ना?” तिने डोळ्यांत पाणी आणून विचारले. चुकले नव्हते, आणि मला उत्तर लगेच सुचले नाही.

दुसऱ्या मुलाकडे चारच मुद्दे होते. पण त्याने लिहिले होते की कापड तगरला गोळा होऊन भडोचला जाई. बाहेरची मागणी वाढली की इथल्या विणकराला, रंगाऱ्याला आणि गाडीवानाला काम वाढे. आणि गावात पैसा आला की बांधकामाला दाते मिळत. व्यापारातून भरभराट कोणत्या वाटेने आली हे त्यात दिसते. तिसरा स्तर, आठ गुण.

माझी चूक तिसऱ्या उत्तरात झाली. ‘रोमशी व्यापार होता, म्हणून तगर श्रीमंत झाले. तगर श्रीमंत झाले, म्हणून तिथे मोठ्या वास्तू झाल्या. म्हणून व्यापार हेच मुख्य कारण होय.’ भाषा ठाम, शेवटी निवाडाही. मी दहा गुण देऊन मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचताना ‘म्हणून’वर बोट ठेवले, तर उरलेली दोन वाक्ये एकमेकांना कुठेच धरत नव्हती. मधला विणकर नाही, गाडी नाही, दुसऱ्या कारणाचा विचार नाही. दहाचे पाच केले. तेव्हापासून तिसरा स्तर देण्याआधी मी ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ झाकून पाहतो. निवाड्याचे साचेही पाठ करता येतात, हा या पद्धतीचा मोठा धोका आहे.

त्या मुलीला मी उत्तर पुन्हा लिहायला सांगितले. तिने अकरांतले पाचच मुद्दे घेतले. ‘मुख्य कारण म्हणजे ज्याच्यावाचून बाकीची कारणे चाललीच नसती ते’ अशी कसोटी तिने आधी मांडली. मग लिहिले : बाहुलीवरून दूरदेशाशी संबंध कळतो, व्यापार किती होता ते कळत नाही, पेरिप्लस बंदराकडे जाणाऱ्या मालाची नोंद करतो, गावातल्या बाजाराची नाही, कापूस आणि विणकर आधीपासून नसते, तर भडोचला पाठवायला काहीच नव्हते. म्हणून रोमच्या मागणीने भरभराट वाढवली, पण तिचे मूळ इथल्या कापडधंद्यात होते. दुसरा कोणी हाच पुरावा उलट तोलू शकेल आणि त्यालाही चौथाच स्तर मिळेल. गुण निवाड्याच्या बाजूला नाहीत, त्याच्या आधाराला आहेत.

मी तिला अकरा गुण दिले. आकडा तिच्या जुन्या मुद्द्यांइतकाच होता, आणि त्या पाच मुद्द्यांवाचून हा निवाडा उभा राहिला नसता. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला तिच्याच कागदावर मिळाले.