ट्रेड घेण्याआधी गुण द्या: ‘चार्ट चांगला दिसतोय’ याचा नियम कसा बनवायचा?

‘शेअर तेजीत आहे, थोडा खाली आलाय, आता परत वर निघतोय, म्हणून घेतला.’ शेअर बाजारात ट्रेड करणाऱ्या कुणालाही विचारा, असंच काहीसं उत्तर मिळेल. त्यात चूक काही नाही. या प्रकाराला पुलबॅक म्हणतात आणि तो जुना, सर्वांना माहीत असलेला सेटअप आहे. अडचण ‘थोडा’ या शब्दात आहे. सोमवारी ५ टक्के घसरण ‘थोडी’ वाटते. गुरुवारी, दोन ट्रेड तोट्यात गेल्यावर, तीच घसरण ‘फारच जास्त’ वाटते. चार्ट तोच असतो, बदललेला असतो तो बघणारा.

यावर एक साधा उपाय म्हणजे ट्रेड घेण्याआधी भरायची गुणांची चेकलिस्ट. ठरावीक प्रश्न, प्रत्येकाला ठरावीक गुण आणि किमान पात्रता गुण. तेवढे गुण मिळाले नाहीत तर ट्रेड नाही.

कल्पना आली प्रसूतिगृहातून

न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये नवजात बाळांसाठी अशी पद्धत तयार केली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिक्षिप्त हालचाल आणि त्वचेचा रंग या पाच गोष्टींना प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण, एकूण १०. ‘बाळ बरं दिसतंय’ या अंदाजाऐवजी डॉक्टरांच्या हाती एक आकडा आला. जगभरातल्या रुग्णालयांत हा ‘अपगार स्कोअर’ आजही वापरला जातो. पेशाने मानसोपचारतज्ज्ञ असलेले ट्रेडर अलेक्झांडर एल्डर यांनी हीच रचना ट्रेडसाठी घेतली. आपणही तीच घेऊ: पाच प्रश्न आणि प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण.

शब्दांचे आकडे करू

उदाहरण डिलिव्हरीत घेतलेल्या, काही दिवस ठेवायच्या खरेदीचं आहे. सगळी मापं बाजार बंद झाल्यावर रोजच्या चार्टवर घ्यायची. खरेदी दुसऱ्या दिवशी.

१. मोठा कल: बंद भाव २०० दिवसांच्या सरासरीच्या वर आणि ती सरासरी २० दिवसांपूर्वीपेक्षा जास्त असेल तर २. भाव वर, पण सरासरी वाढत नसेल तर १. भाव सरासरीच्या खाली असेल तर ०.

२. घसरणीची खोली: आधीच्या चढाईपैकी किती भाग परत गेला? २५ ते ५० टक्के असेल तर २. १५ ते २५ किंवा ५० ते ६५ टक्के असेल तर १. बाकी सगळ्याला ०.

३. व्हॉल्यूम: घसरणीच्या दिवसांचा सरासरी व्हॉल्यूम चढाईच्या दिवसांच्या सरासरीशी ताडून पाहायचा. ७० टक्क्यांहून कमी असेल तर २. ७० ते १०० टक्के असेल तर १. त्याहून जास्त असेल तर ०. कारण घसरताना व्यवहार वाढले, तर ती विश्रांती नसून विक्री असू शकते.

४. वळण: बंद भाव आदल्या दिवसाच्या उच्चांकाच्या वर आणि त्या दिवसाच्या पट्ट्याच्या वरच्या तिसऱ्या भागात असेल तर २. फक्त उच्चांकाच्या वर असेल तर १. नाहीतर ०.

५. बाजाराची साथ: निफ्टी ५० त्याच्या ५० दिवसांच्या सरासरीच्या वर आणि ती सरासरी आदल्या आठवड्यापेक्षा वाढलेली असेल तर २. दोन्हींपैकी एकच गोष्ट असेल तर १. एकही नसेल तर ०.

पात्रता: किमान ७ गुण आणि एकाही ओळीत शून्य नको.

दोन गोष्टींना मात्र गुण नाहीत. त्या उंबरठ्यासारख्या आहेत, ओलांडता आला तरच पुढे. एक, पुढच्या पाच सत्रांत कंपनीचा निकाल नसावा. दोन, लक्ष्य स्टॉपलॉसच्या अंतराच्या निदान दुप्पट असावं. यांना गुण दिले तर सुंदर चार्टचे गुण वाईट सौद्याची भरपाई करतात, आणि तीच पळवाट बंद करायची आहे.

दोन शेअर, एक चेकलिस्ट

आता एक काल्पनिक शेअर घेऊ, त्याला ‘क’ म्हणू. तो ४०० वरून ४८० पर्यंत चढला आणि ४४८ पर्यंत खाली आला. ८० रुपयांच्या चढाईतले ३२ रुपये गेले, म्हणजे ४० टक्के. खोलीचे २ गुण. २०० दिवसांची सरासरी ४१२ आहे आणि २० दिवसांपूर्वी ती ४०५ होती. कलाचे २. चढताना रोज सरासरी १० लाख शेअरचे व्यवहार झाले, घसरताना ८.४ लाख. हे ८४ टक्के होतात, म्हणून १. आज भाव ४४९ ते ४५६ च्या दरम्यान फिरून ४५५ ला बंद झाला. आदल्या दिवसाचा उच्चांक ४५३ होता. पट्टा ७ रुपयांचा, त्याचा वरचा तिसरा भाग साधारण ४५३.७० पासून सुरू होतो. वळणाचे २. निफ्टी सरासरीच्या किंचित खाली आहे, पण सरासरी वाढते आहे, म्हणून १. एकूण ८, शून्य कुठेच नाही.

आता उंबरठे. निकाल महिनाभर लांब आहे. दुसऱ्या दिवशी ४५७ ला खरेदी धरली आणि स्टॉपलॉस ४४६ ला ठेवला, तर जोखीम शेअरमागे ११ रुपये. जुना उच्चांक ४८० हे लक्ष्य, म्हणजे २३ रुपये. दुपटीहून थोडं जास्त, चालेल. मात्र सकाळी भाव ४६२ ला उघडला तर जोखीम १६ आणि लक्ष्य १८ रुपयांवर राहतं. मग ८ गुण असले तरी ट्रेड रद्द.

भांडवल २ लाख आणि एका ट्रेडमध्ये त्याच्या अर्ध्या टक्क्याचा, म्हणजे १,००० रुपयांचा तोटा सोसायचा ठरवला असेल, तर १,००० भागिले ११, म्हणजे ९० शेअर. गुण ८ आले काय किंवा १० आले काय, ही संख्या वाढवायची नाही.

दुसरा शेअर ‘ख’ दिसायला ‘क’पेक्षा देखणा आहे. कल २, खोली २, वळण २, बाजार १. पण घसरताना व्यवहार चढाईच्या १२० टक्के झाले, म्हणून व्हॉल्यूम ०. एकूण ७ होतात, तरी शून्याच्या अटीमुळे तो बाद. चेकलिस्ट नसती तर ‘ख’ नक्की घेतला असता.

शीटमध्ये हा नियम एका ओळीत बसतो. B ते F मध्ये पाच गुण, G आणि H मध्ये दोन उंबरठ्यांसाठी Y किंवा N लिहायचं:

```
=IF(AND(COUNT(B2:F2)=5, MIN(B2:F2)>0, SUM(B2:F2)>=7, G2="Y", H2="Y"), "TAKE", "SKIP")
```

यातला COUNT वगळू नका. MIN रिकामी चौकट मोजतच नाही, त्यामुळे व्हॉल्यूम न बघता ती जागा मोकळी सोडली तरी ट्रेड पास होऊ शकतो.

७ च का?

७ हा आकडा पवित्र नाही. तो तुमच्या स्वतःच्या जुन्या चार्टांतून यायला हवा. निदान ६० जुने पुलबॅक शोधा, घेतलेले आणि सोडलेले दोन्ही. वळणाच्या दिवसानंतरचा चार्ट झाकून गुण द्या आणि मगच पुढे काय झालं ते पाहा. निकाल रुपयांत नाही, जोखमीच्या पटीत लिहा: ११ रुपये जोखीम आणि २२ रुपये नफा म्हणजे +२, स्टॉपलॉस लागला तर −१.

समजा चित्र असं निघालं: ४-५ गुणांचे १८ ट्रेड, सरासरी −०.३०. ६ गुणांचे १६, सरासरी −०.१०. ७ गुणांचे १४, सरासरी +०.२५. ८ आणि वरचे १२, सरासरी +०.३०. गुण वाढतात तसा निकाल सुधारतो आणि ७ वर तो तोट्यातून नफ्यात येतो. म्हणून रेषा ७ वर.

याउलट ६ ला नफा, ७ ला तोटा, ८ ला पुन्हा नफा असं दिसलं, तर तुमचे प्रश्न काहीच मोजत नाहीत. अशा वेळी रेषा सरकवून उपयोग नाही, प्रश्न बदलावे लागतील. १४ ट्रेड ही लहान संख्या आहे, हेही लक्षात ठेवा. त्यातला सगळ्यात मोठा नफ्याचा ट्रेड काढून सरासरी पुन्हा पाहा. ती लगेच शून्याखाली गेली तर तो नफा नियमाचा नाही, एका नशीबवान ट्रेडचा होता. ६० पैकी २० चार्ट सुरुवातीलाच बाजूला ठेवा आणि रेषा ठरल्यावर फक्त एकदाच त्यांच्यावर तपासा.

बिघाड कुठे होतो, आणि ओळखायचा कसा?

सर्वांत नेहमीचा बिघाड म्हणजे गुण वाढवणं. ट्रेड घ्यायची इच्छा आधी होते आणि ६ चे ७ नंतर होतात. हे पकडणं सोपं आहे. दोन महिन्यांचे गुण मांडा. ६ गुणांचे ट्रेड मोजकेच आणि ७ चे ढीगभर दिसले, तर तुम्ही काठावरच्यांना आत ढकलताय. परीक्षेत ३५ वर अडकलेली गर्दी दिसते, तसंच हे. इलाज एकच, प्रत्येक गुणाशेजारी मोजलेला आकडा लिहायचा. नुसता ‘१’ नाही, ‘८४ टक्के, म्हणून १’.

दुसरा बिघाड म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजणं. आरएसआय, एमएसीडी आणि स्टोकॅस्टिक हे तिन्ही भावातूनच निघतात. तिघांना २-२ गुण दिले की एकाच साक्षीदाराला तीनदा बोलावल्यासारखं होतं. वरच्या यादीतही कल, खोली आणि वळण भावावरच बेतलेले आहेत, पण ते वेगवेगळ्या काळातलं मोजतात, आणि व्हॉल्यूम व निफ्टी बाहेरून साक्ष देतात.

तिसरा बिघाड म्हणजे प्रत्येक तोट्यानंतर नवा प्रश्न जोडणं. बदल करायचेच असतील तर ठरलेल्या संख्येने करा, उदाहरणार्थ दर ३० ट्रेडनंतर.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. ८ गुण म्हणजे नफ्याची ८० टक्के शक्यता नव्हे. वरच्या उदाहरणात ८ गुणांच्या ‘क’ला रात्रीत वाईट बातमी आली आणि भाव ४३० ला उघडला, तर तोटा ११ नाही, २७ रुपये होईल. ९० शेअरवर २,४३०. चेकलिस्ट ते थांबवू शकत नाही. पण ट्रेड नियमाने घेतला होता की नियम चुकवून, हे त्या दिवशी वहीत लिहिलेलं असेल. तोट्यानंतर नियम तपासायचा की स्वतःला, ते त्यावरूनच ठरतं.